दोन ठिकाणची ठेव, एकच नशीब



मागील लेखात आपण चक्रवाढ व्याजाचा हिशेब पाहिला. त्यानंतर कापडाचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका वाचक कुटुंबाने एक प्रश्न विचारला. त्या घरात दोन भाऊ आहेत. पेढीत सुमारे एक कोटी रुपयांचे भांडवल गुंतलेले आहे आणि त्यातील निम्मे काढून अन्यत्र ठेवावे, एवढ्यावर दोघांचे एकमत आहे. थोरल्या भावाच्या मते ती रक्कम व्याह्यांच्या सूतव्यापारात भागीने लावावी. माणसे घरची, धंदा ओळखीचा. धाकट्याचा आग्रह सोन्याचा. थोरल्याच्या मुलीचे वैद्यकीय शिक्षण सुरू असल्याने पुढील चार वर्षे दरसाल मोठी रक्कम काढावीच लागणार आहे. वर्ष चांगले असो वा वाईट.

हिशेब सोपा राहावा म्हणून काही आकडे गृहीत धरू. पेढीचा सरासरी परतावा वार्षिक 12 टक्के. परंतु तो सरासरीच्या वरखाली साधारण 20 टक्क्यांनी हलतो. या हलण्याच्या मापाला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात आणि त्याच्या वर्गाला विचरण. सूतव्यापार व सोने या दोहोंचा परतावा 8 टक्के व प्रमाण विचलन 15 टक्के धरू. वास्तवात ते इतके सारखे असणार नाहीत; पण दोन्ही पर्याय कागदावर समान ठेवले म्हणजे खरा भेद कोठे आहे ते उघडे पडते.

आता निम्मी रक्कम पेढीत व निम्मी दुसरीकडे. अपेक्षित परतावा 12 व 8 यांची सरासरी, म्हणजे 10 टक्के. सूत घ्या वा सोने, उत्तर तेच. दोन गुंतवणुकी एकत्र चढतात की उलटसुलट, याचा अपेक्षित परताव्याशी काहीही संबंध नसतो. म्हणूनच केवळ परतावा पाहणाऱ्यास थोरल्या व धाकट्या भावाच्या सूचनेत फरक दिसत नाही.

विचरणाचे तसे नाही. त्यात तीन भाग येतात. पहिला पेढीचा: अर्ध्या हिश्शाचा वर्ग गुणिले 20 चा वर्ग, म्हणजे 100. दुसरा सुताचा किंवा सोन्याचा: अर्ध्याचा वर्ग गुणिले 15 चा वर्ग, म्हणजे 56.25. तिसरा भाग दोघांच्या सोबतीचा: दोन्ही हिस्से, दोन्ही प्रमाण विचलने आणि सहसंबंध गुणांक यांच्या गुणाकाराची दुप्पट. आपल्या आकड्यांत तो 150 गुणिले सहसंबंध एवढा होतो. हा गुणांक अधिक 1 ते उणे 1 यांमध्ये असतो. दोन्ही गुंतवणुकी सदैव एकाच ठेक्यात चालल्या तर 1, परस्परांशी संबंधच नसला तर 0, आणि अचूक उलट चालल्या तर उणे 1.

कापड व सूत यांचा सहसंबंध 0.9 धरल्यास तिसरा भाग 135 होतो व एकूण विचरण 291.25. त्याचे वर्गमूळ, म्हणजे एकत्रित प्रमाण विचलन, सुमारे 17. सोन्याशी सहसंबंध 0 धरला तर तिसरा भाग नाहीसा होतो, विचरण 156.25 उरते व प्रमाण विचलन 12.5.

हे आकडे रुपयांत मांडू. सरासरीपेक्षा एका प्रमाण विचलनाने खाली जाणारे वर्ष साधारण सहात एकदा येते. अशा वर्षी सारे भांडवल पेढीतच ठेवले असते तर एक कोटीवर 8 लाखांची तूट आली असती. निम्मे सुतात घातले तर 7 लाखांची. निम्मे सोन्यात असते तर अडीच लाखांची. सुताकडे वळण्यासाठी परताव्यातील दोन टक्के सोडले, आणि वाईट वर्षाची तूट जेमतेम एका लाखाने कमी झाली.

थोरल्या भावाचा युक्तिवाद मात्र अगदीच निराधार नव्हता. ते म्हणाले, “सूत महागले की आमचा नफा घटतो आणि व्याह्यांचा वाढतो. मग हे उलटे नाते नव्हे का?” केवळ भावाचा प्रश्न असता तर हे खरेच उलटे नाते ठरले असते आणि सहसंबंध शून्याखाली गेला असता. पण वाईट वर्षे बहुधा भावामुळे येत नाहीत; ती मागणी आटल्यामुळे व उधारी अडकल्यामुळे येतात. यंत्रमागवाला व्याह्यांकडून सूत उधार घेतो व त्याचेच कापड पेढीवर येते. कापडाचा उठाव थांबला की एकाच साखळीतील पैसा दोन्ही घरांत अडकतो.

म्हणून त्यांना चोपडे उघडण्यास सांगितले. पद्धत अशी. दोन्ही धंद्यांच्या दहा वर्षांच्या परताव्याची टक्केवारी शेजारी शेजारी लिहावी. प्रत्येक वर्षीचा आकडा आपापल्या सरासरीहून किती वर वा खाली, ते काढावे. त्या दोन फरकांचा गुणाकार करून सर्व वर्षांची सरासरी घ्यावी व तिला दोन्ही प्रमाण विचलनांच्या गुणाकाराने भागावे. या कुटुंबाच्या कागदावर दहापैकी नऊ वर्षी दोन्ही धंदे सरासरीच्या एकाच बाजूला होते. तो कागद पाहून थोरले बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत.

येथे एक सावधगिरी हवी. दहा वर्षांच्या आकड्यांवरून निघणारा गुणांक फार भरवशाचा नसतो. खरा सहसंबंध शून्य असतानाही एवढ्या थोड्या नोंदींवरून कधी अधिक 0.5, तर कधी उणे 0.5 दिसू शकतो. म्हणून आकड्यामागचे कारणही सांगता आले पाहिजे. सुताबाबत ते कारण उधारीची साखळी हे होते. सोन्याबाबत कारण निराळे आहे. भारतात सोने बहुतांशी आयात होते, त्यामुळे त्याचा रुपयांतील भाव डॉलरच्या दरावरही ठरतो. 2008 साली सेन्सेक्स 20,287 वरून 9,647 वर आला. पण त्याच वर्षी रुपया घसरला आणि रुपयांतील सोने वधारले.

धाकट्या भावानेही निर्धास्त होऊ नये. सहसंबंध स्थिर राहत नाही, आणि नेमक्या घबराटीत तो वाढण्याचा संभव असतो. मार्च 2020 मध्ये जगभर जो तो रोकड उभी करू लागला, तेव्हा शेअर बाजारासोबत काही दिवस सोन्याचा डॉलरमधील भावही कोसळला. पुढे तो सावरला. पण नेमक्या त्या आठवड्यात ज्याला सोने विकून फी भरावयाची होती, त्याच्या उपयोगी शून्य सहसंबंध पडला नाही.

म्हणून मुलीच्या पुढील दोन वर्षांच्या शिक्षणाची रक्कम या सर्व हिशेबाबाहेर, बँकेच्या मुदत ठेवीत ठेवावी, असे मी त्यांना कळविले. उरलेल्या रकमेतील मोठा भाग सोन्यात घालण्याचे ठरले आहे. व्याह्यांच्या सूतव्यापारात थोडी रक्कम जाईल, ती नात्यासाठी. जोखीम कमी होईल म्हणून नव्हे.