विमा-पत्रकातील ‘दिवस’ नावाचा रकाना

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटईच्या किंवा पाइपच्या कारखान्यात, अथवा धुळ्याच्या एखाद्या गिरणीत आपण काम करीत असाल आणि आपले मासिक वेतन २१,००० रुपयांच्या आत असेल, तर पगारपत्रकावर ‘ईएसआय’ या नावाने एक लहानशी कपात दिसते. ती वेतनाच्या पाऊण टक्का असते. मालक त्यात आपल्याकडून सव्वातीन टक्के घालतो. ही रक्कम कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे जाते. मात्र कपात झाली म्हणजे हक्क पक्का झाला, असे समजून चालत नाही. आजारपणात रोख रक्कम मिळेल की नाही, हे महामंडळाकडील अंशदान-पत्रक ठरवते. त्यातही सर्वांत महत्त्वाचा रकाना पैशांचा नसून दिवसांचा असतो.

आधी दोन लाभांतील फरक लक्षात घ्यावा. वैद्यकीय लाभ, म्हणजे दवाखाना, औषधे आणि रुग्णालय, विमाकृत नोकरीत दाखल झाल्यापासून आपल्याला व आपल्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला मिळतो. आजारपणाचा रोख लाभ मात्र अटीवर मिळतो. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांचे अंशदान असेल, तर पुढील जानेवारी ते जून या काळातील आजारपणासाठी तो मिळतो. ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीचा आधार त्यानंतरच्या जुलै ते डिसेंबरसाठी असतो. ज्यांची ही पहिलीच विमाकृत नोकरी आहे, त्यांच्यासाठी नियम थोडा सौम्य आहे.

आता एक उदाहरण पाहू. समजा, ५०० रुपये रोजाने काम करणारा एक जुना कामगार २०२४ च्या एप्रिलमध्ये २० दिवस आणि मेमध्ये १८ दिवस कामावर होता. जूनमध्ये कापसाच्या लागवडीसाठी तो गावी राहिला. जुलैत १२, ऑगस्टमध्ये १८ आणि सप्टेंबरमध्ये २४ दिवस भरले. एकूण ९२ दिवस झाले, म्हणजे अट सहज पूर्ण होते. परंतु ठेकेदाराने सप्टेंबरच्या विवरणात २४ ऐवजी ४ दिवस नोंदवले. पत्रकावर ७२ दिवस उरले.

पुढे फेब्रुवारीत त्याला कावीळ झाली आणि विमा वैद्यकीय अधिकाऱ्याने २० दिवसांच्या विश्रांतीचे प्रमाणपत्र दिले. आजारपणाचा लाभ सरासरी रोजाच्या ७० टक्के असतो, म्हणजे येथे दिवसाला ३५० रुपये. पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे धरले जातात. उरलेल्या १८ दिवसांचे ६,३०० रुपये होतात. एका चुकीच्या आकड्याने हे सर्व पैसे अडकतात.

ही चूक ओळखणे अवघड नाही. सप्टेंबरच्या पगारपत्रकात १२,००० रुपयांवर ९० रुपये कापलेले असतात. अंशदान-पत्रकात त्याच महिन्यासमोर २,००० रुपये वेतन आणि १५ रुपये अंशदान दिसते. दोन्ही कागद शेजारी ठेवले की तफावत डोळ्यांत भरते. महामंडळाच्या esic.gov.in या संकेतस्थळावर आपल्या दहा अंकी विमा क्रमांकाने पत्रक पाहता येते. महिन्याचे अंशदान पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असते. म्हणून २० ऑक्टोबर आणि २० एप्रिलच्या सुमारास संपूर्ण सहामाहीचे दिवस मोजावेत. ऑक्टोबरमध्ये चूक सापडली, तर ती जानेवारीपूर्वी दुरुस्त होण्यास अवधी मिळतो.

तफावत आढळल्यास प्रथम कारखान्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास पगारपत्रके, हजेरीची नोंद आणि बँकेच्या पासबुकाची प्रत घेऊन महामंडळाच्या शाखा कार्यालयात तक्रार करावी. नियमातील शब्द ‘देय अंशदान’ असा आहे. म्हणून मालकाने पैसे भरले नाहीत एवढ्यावरून आपला हक्क संपत नाही. मात्र काम केल्याचा पुरावा द्यावा लागतो. यासाठीच पगारपत्रके फेकून देऊ नयेत.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आजारी पडताच ईएसआय दवाखान्यात जावे, कारण खासगी डॉक्टरांची चिठ्ठी तशीच ग्राह्य धरली जात नाही. ज्या दिवसांचे प्रमाणपत्र घेतले, त्या दिवशी कामावर जाऊ नये, कारण एकाच दिवसाचे वेतन आणि लाभ दोन्ही घेता येत नाहीत.

कामावर अपघात झाल्यास ७८ दिवसांची अट नसते. नोकरीचा पहिला दिवस असला तरी तात्पुरत्या अपंगत्वासाठी सरासरी रोजाच्या ९० टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात ४५० रुपये, मिळू शकतात. त्यासाठी अपघाताची सूचना त्याच दिवशी मालकाला द्यावी आणि ती अपघात-नोंदवहीत उतरली आहे, याची खात्री करून घ्यावी.