एकोणीस रुपयांचं बिल

परवा माझ्या क्रेडिट कार्डावर एकोणीस रुपये कापले गेले. तसं पाहिलं तर दोन कटिंग चहाचे पैसे, पण त्यावरून ताईच्या घरी रात्री अकरापर्यंत वाद चालला. म्हटलं, लिहून काढावं. नातेवाईक मंडळींना कळेल की त्या रात्री नक्की काय झालं, आणि ज्यांनी कुठे कुठे 'फ्री'वर काहीबाही चालवलंय त्यांनाही उपयोग होईल.

तर झालं असं. भाऊजींची नंदुरबारला मिरचीची पथारी आहे. हंगामात ओली लाल मिरची येते, काट्यावर वजन होतं, ती उन्हात पसरतात, वाळली की पोत्यात भरतात. हा सगळा हिशेब वहीत चालायचा. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक छोटं अ‍ॅप केलं. काट्यावरचा मुलगा वजन टाकतो आणि भाऊजींना घरबसल्या दिसतं. डेटाबेस एका कंपनीच्या क्लाउडवर, फुकटच्या मर्यादेत. पुढे त्याला आणखी एक सोय हवी होती आणि ती कार्ड दिल्याशिवाय मिळत नव्हती. "मामा, नुसतं टाकायचंय, पैसे जाणार नाहीत." मामाने दिलं.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक तिची नव्हतीच. पण "फुकट म्हणाला होतास ना? आज एकोणीस, उद्या एकोणीस हजार. बंद कर ते, वही बरी," असं भाऊजी म्हणाले तेव्हा भाच्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही दोघं हिशेबाला बसलो.

पहिली गोष्ट कळली ती ही की आपण एक मोजतो आणि मीटर दुसरंच मोजतं. भाचा माणसं मोजत होता. आठ फोन, दिवसातून तीनदा उघडतात, म्हणजे चोवीस वेळा. त्यात काय एवढं! पण डेटाबेसचं मीटर 'वाचनं' मोजतं, आणि एक नोंद वाचली की एक वाचन.

गूगलच्या फायरस्टोअरचं जाहीर दरपत्रक उदाहरणाला घेतो, कारण मोजण्याची रीत तीच. रोज ५०,००० वाचनं फुकट. समजा वहीत २,४०० नोंदी झाल्या आहेत आणि अ‍ॅप उघडलं की सगळी वही समोर येते. एकदा उघडलं की २,४०० वाचनं. चोवीस वेळा उघडलं की ५७,६००. म्हणजे रोज ७,६०० जास्त.

आता या जास्तीचं काय होतं? पुष्कळांना वाटतं की मर्यादा ओलांडली की सगळ्याचेच पैसे लागतात. तसं नाही. पहिले ५०,००० फुकटच राहतात, बिल फक्त वरच्या ७,६०० चं. अमेरिकेतल्या बहुप्रादेशिक विभागाच्या दराने लाख वाचनांना ०.०६ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर दिवसाला चाळीस पैसेसुद्धा होत नाहीत. महिन्याला साडेअकरा रुपये, वर १८ टक्के जीएसटी. झाले चौदा. (मुंबई विभागाचा दर वेगळा असतो, पण रीत हीच.)

इथे भाऊजींचा आवाज जरा खाली आला. पण भाच्याचा चेहरा उतरला, कारण त्याला पुढचं दिसलं.

हंगाम संपेपर्यंत वहीत २,४०० ऐवजी २०,००० नोंदी होतील. फोन तेच आठ, उघडणं तेच चोवीस वेळा. वाचनं मात्र रोज ४,८०,०००. फुकटचे वजा केले तरी ४,३०,००० उरतात. त्याच दराने दिवसाला बावीस रुपये, महिन्याला साडेसहाशेच्या वर, कर वेगळा. एकही गिऱ्हाईक वाढलं नाही, एकही फोन वाढला नाही, वाढली ती फक्त वही. म्हणून चौदा रुपयांचं बिल आलं की रकमेकडे बघू नये. तो आकडा कशामुळे वाढतो ते बघावं.

उपाय साधा निघाला. अ‍ॅप उघडल्यावर फक्त आजच्या नोंदी मागवायच्या आणि आजवरची एकूण बेरीज एका वेगळ्या नोंदीत ठेवायची. आज दीडशे नोंदी असतील तर दीडशे अधिक एक वाचन. चोवीस वेळा उघडलं तरी चार हजारांच्या आत. पुन्हा फुकटात. भाच्याला हे करायला दीड तास लागला.

मशीन भाड्याने घेतलं तरी हाच घोळ होतो, फक्त तिथे तास मोजतात. अमेझॉनने १५ जुलै २०२५ पूर्वी उघडलेल्या खात्यांना पहिले बारा महिने छोट्या मशीनचे महिन्याला ७५० तास फुकट ठेवले होते. एकतीस दिवसांच्या महिन्यात ७४४ तास असतात, म्हणजे एक मशीन अहोरात्र चाललं तरी बसतं. पण हे तास मशीनला नसून खात्याला असतात. 'जरा बघू' म्हणून दुसरं मशीन सुरू करून विसरलात, की १,४८८ तास होतात आणि ७३८ तासांचं बिल येतं. शिवाय मशीन बंद केलं तरी त्याची डिस्क जागा धरून बसते आणि तिचं मोजमाप चालूच राहतं. त्या तारखेनंतरच्या नव्या खात्यांना तासांऐवजी ठरावीक रकमेचं क्रेडिट मिळतं.

आता माझं मत. पैसे मागण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या मीटरला झाकण नसण्याला. आपण बजेटचा इशारा लावतो तेव्हा वाटतं की पाचशे झाले की थांबेल. थांबत नाही, फक्त मेल येते, आणि वापराचा हिशेब उशिरा लागत असल्याने तीही काही तासांनी येऊ शकते. एखादा प्रोग्रॅम चुकून स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत राहिला, तर तेवढ्या वेळात काय होईल ते भाऊजींनी आधीच सांगितलं होतं.

फायरस्टोअर फायरबेसच्या स्पार्क प्लॅनवर चालवलं तर कार्ड लागत नाही. मर्यादा संपली की डेटाबेस थांबतो. हे प्रीपेड सिमसारखं. ब्लेझ प्लॅनमध्ये थांबत नाही, जास्तीचे पैसे लागतात. हे पोस्टपेड. मी लगेच म्हटलं, प्रीपेडच बरं!

पण भाऊजींनी विचारलं, "थांबला तर परत कधी चालू होतो?" भाच्याने बघितलं. रोजची मोजणी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्रीच्या सुमारास नव्याने सुरू होते. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात दुपारचा दीड. भाऊजी म्हणाले, "म्हणजे सकाळी दहाला काट्यावर गाड्या उभ्या असताना बंद पडलं, तर दीडपर्यंत मी काय करू? बावीस रुपये घे म्हणावं, पण बंद पाडू नको."

मी गप्प. दोन तासांपूर्वी हाच माणूस एकोणीस रुपयांसाठी वही काढत होता. पण त्यांचं बरोबर होतं. कुठे थांबायचं आणि कुठे पैसे भरायचे, हे ज्याचा धंदा त्यानेच ठरवायला हवं. कंपन्यांनी कार्ड घेताना एवढा एकच प्रश्न विचारावा, की जास्तीत जास्त किती, आणि त्यानंतर थांबवू की चालू ठेवू? उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल.

सध्या तह झालाय. अ‍ॅप चालू आहे, कार्डही माझंच आहे, आणि भाचा रोज रात्री वाचनांचा आकडा बघून मला कळवतो. काल ३,१०० होता.

काट्यावरच्या मुलाने मात्र वहीही चालू ठेवली आहे. कोणी सांगितलं, ते विचारलं नाही.