असहकाराच्या उताऱ्याचा फोटो, चार पर्याय आणि दोन बरोबर उत्तरं: गडबड कुठे होते?

हिंगण्यातल्या आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस परीक्षा महत्त्वाची असते. पास होऊन निवड झाली, तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. या परीक्षेत इतिहासाचे प्रश्नही चार पर्यायांचे असतात. त्यामुळे पालक आणि शिक्षक धड्यातल्या उताऱ्याचा मोबाईलवर फोटो काढतात आणि त्यावरून सरावाचे प्रश्न तयार करतात.

असहकार चळवळीचा उतारा घ्या. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला राष्ट्रीय सभेचं अधिवेशन झालं. चित्तरंजन दास यांनी मांडलेला असहकाराचा ठराव तिथे मंजूर झाला.

चुकीचे पर्याय कुठून आणायचे?

यावरचा सरळ प्रश्न असा: 'असहकाराचा ठराव कोणत्या अधिवेशनात मंजूर झाला?' बरोबर उत्तर नागपूर. बाकीच्या तीन जागी चंद्रपूर, अमरावती, वर्धा लिहिलं, तर मूल न वाचताही बरोबर खूण करेल.

त्याऐवजी सुरत, लखनौ, लाहोर द्या. सुरतेला १९०७ मध्ये राष्ट्रीय सभेत फूट पडली, लखनौला १९१६ मध्ये करार झाला, लाहोरला १९२९ मध्ये पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. मुलानं लाहोर निवडलं, तर त्याचा कोणत्या दोन ठरावांत गोंधळ होतोय, हे लगेच कळतं. चांगल्या चुकीच्या पर्यायाचं काम हेच.

मग दोन उत्तरं बरोबर कशी होतात?

सुरतेच्या जागी कोलकाता टाकलं की होतात. वरवर पाहता तो उत्तम पर्याय वाटतो. पण सप्टेंबर १९२० मध्ये कोलकात्याच्या विशेष अधिवेशनातही असहकाराचा ठराव मंजूर झाला होता. नागपूरला त्यावर शिक्कामोर्तब झालं. उताऱ्याच्या फोटोत कोलकाता नसल्यानं ही चूक दिसत नाही. म्हणून प्रत्येक चुकीचा पर्याय फोटोबाहेर, म्हणजे आख्ख्या धड्यात आणि संदर्भ पुस्तकात तपासावा लागतो.

प्रश्न दुरुस्त कसा करायचा?

प्रश्न नेमका करा: 'नागपूर अधिवेशनात असहकाराचा ठराव कोणी मांडला?' पर्याय: महात्मा गांधी, लाला लजपतराय, चित्तरंजन दास, सी. विजयराघवाचार्य. गांधीजींनी कोलकात्याला ठराव मांडला होता, लालाजी तिथले अध्यक्ष होते आणि विजयराघवाचार्य नागपूरचे अध्यक्ष. चौघांचाही या प्रकरणाशी संबंध आहे, पण उत्तर एकच.

शेवटची तपासणी कोणती?

फोटोतला मजकूर मोबाईलनं टाईप करून घेतला असेल, तर साल मूळ पानाशी जुळवा. पान वाकलेलं किंवा सावलीत असलं की १ आणि ९ यांची अदलाबदल होऊ शकते. मग चुकीचं साल 'बरोबर उत्तर' म्हणून ग्रुपवर फिरतं आणि मूल तेच पाठ करतं.