मराठीतच भरा म्हणे!

अर्जाच्या माथ्यावर ठळक सूचना: ‘सर्व माहिती मराठीतच भरावी.’ खाली पत्त्याच्या रकान्यात ‘शिंदखेडा’ टाइप करा, रिकामे चौकोन उमटतात. हा अर्ज धुळ्यातल्या एका कार्यालयाचा. जळगावातल्या दुसऱ्या एका कार्यालयाचा अर्ज त्याहून इरसाल. तो टाइप करताना अक्षरं नीट दाखवतो आणि `Tab` दाबून पुढच्या रकान्यात गेलं की सगळी गिळून टाकतो. फोन केला तर उत्तर ठरलेलं: “इंग्रजीमा भरी द्या ना, भाऊ.” महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 सालचा आहे, हे भाऊंना कोण सांगणार?

दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे तुमच्याच कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट नसेल. असतो हो. विंडोजमध्ये निर्मला आणि मंगल हे फॉन्ट आहेत, त्यांतच तर आम्ही दिवसभर लिहितो. खोट अर्जाच्या पोटात आहे. पीडीएफमधल्या रकान्यासोबत बहुतेक वेळा अशी एक ओळ असते:

```
/DA (/Helv 12 Tf 0 g)
```

म्हणजे इथला मजकूर हेल्व्हेटिका फॉन्टमध्ये, 12 पॉइंटात, काळ्या रंगात उमटवा. या हेल्व्हेटिकात देवनागरीचं एक अक्षर नाही. माथ्यावरची मराठी सूचना दिसते, कारण तिच्यापुरती अक्षरं फाइलमध्ये कोंबलेली असतात. रकान्याला ती मिळत नाहीत. कर्सर आत असेतोवर काही प्रोग्राम विंडोजचा फॉन्ट उसना घेतात, म्हणून अक्षरं दिसतात. बाहेर पडलं की मजकूर अर्जाच्या फॉन्टात रंगवायची वेळ येते आणि तिथं सगळं संपतं. रकान्यात पुन्हा क्लिक केल्यावर मराठी परत दिसली तर हुरळून जाऊ नका. मजकूर साठवला गेलाय, पण साहेबांच्या टेबलावरची प्रिंट कोरीच निघू शकते.

‘तंत्रज्ञान नवीन आहे’ ही सबब तर ऐकूनही घेऊ नये. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पीडीएफ आलं 1993 ला आणि त्यात भरायचे रकाने आले 1996 ला. रकाना जन्मला तेव्हा देवनागरी आधीच हजर होती.

असो. मुदत जवळ आली की भांडण बाजूला ठेवून अर्ज द्यावाच लागतो. माझ्या अनुभवात सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग असा: कोरा अर्ज छापायचा आणि 200 डीपीआयवर स्कॅन करायचा. लिबरऑफिस ड्रॉमध्ये ए-फोर पान घेऊन ते चित्र पानभर बसवायचं, त्यावर रकान्यागणिक टेक्स्ट बॉक्स ठेवून मराठीत लिहायचं आणि पीडीएफ म्हणून एक्स्पोर्ट करायचं. फॉन्ट फाइलमध्येच जातो, त्यामुळे समोरच्याच्या मशीनवर तो आहे की नाही याची काळजी उरत नाही. मूळ पीडीएफ थेट ड्रॉमध्ये उघडायचा मोह टाळा. त्यातला फॉन्ट तुमच्याकडे नसला तर छापील मराठी मजकूरच विस्कटतो, आणि अर्जात फेरफार केल्याचं बालंट आपल्यावर. अपलोडला आकाराची मर्यादा असेल तर स्कॅन ग्रेस्केलमध्ये घ्या आणि एक्स्पोर्ट करताना चित्राचं रेझोल्यूशन 150 वर आणा.

याला एक मोठी मर्यादा आहे. असा अर्ज म्हणजे शेवटी चित्र. समोरचं कार्यालय रकान्यांतली माहिती सॉफ्टवेअरने उचलत असेल तर त्याला काहीच सापडणार नाही. म्हणून आधी विचारून घ्यावं, ‘अर्ज माणूस वाचतो की मशीन?’ मशीन वाचत असेल तर मूळ अर्जच भरायचा. तारीख, रक्कम, पिनकोड त्यात थेट टाकायचे आणि जिथं मराठी हवी तिथं `A-7` असा खुणेचा क्रमांक लिहायचा. जोडपत्रात त्याच क्रमांकाखाली पूर्ण उत्तर मराठीत द्यायचं, पानावर नाव आणि सही करायची, आणि दोन्ही फाइली एकाच मेलला जोडायच्या. जोडपत्र स्वीकारलं, एवढं लेखी उत्तर मात्र मागून घ्या. नाहीतर त्रुटीपत्रात ‘रकाना 7 अपूर्ण’ असं लिहून येतं.

आता अर्ज बनवणाऱ्या महाशयांसाठी. पूर्ण अ‍ॅक्रोबॅटमध्ये सगळे रकाने एकदम निवडून फॉन्ट बदलता येतो. चहा गार व्हायच्या आत हे काम उरकतं. पण फॉन्ट बदलला म्हणजे झालं, असं नाही. वेलांटी जागेवर बसवणं आणि जोडाक्षर जुळवणं हे उघडणाऱ्या प्रोग्रामचं काम आहे, आणि सगळे ते धड करत नाहीत. तेव्हा अर्ज बाहेर सोडण्याआधी त्यात ‘ज्ञानेश्वर, शिंदखेडा’ भरा, सेव्ह करा, दुसऱ्या मशीनवर आणि मोबाइलवर उघडा, छापून पाहा. ‘शिं’ची वेलांटी उजवीकडे सरकली किंवा ‘श्व’चे तुकडे पडले, तर पीडीएफचा हट्ट सोडा आणि साधी वर्डची फाइल द्या.