कुत्रं चावल्यावर नुसती सुई घेऊन भागत नाही



आज पिकाचं नाही, कुत्र्याच्या चाव्याचं लिहितोय. कापूस वेचणीला, मोसंबीच्या राखणीला माणसं रानात असतात, संगं लेकरं असतात आन् मोकाट कुत्री तर सगळीकडंच. कुणाला चावलं की आपल्याकडं एकच प्रश्न, "सुई घेतली का?" माझं मत असं की हा प्रश्न अर्धाच आहे. रक्त निघालं असेल तर पुढं विचारा, "जखम किती वेळ धुतली? जखमेत सिरम भरलं का?"

लस म्हणजे पेरणी. पेरलं म्हणून उद्या धान्य घरात येत नाही. लशीनं अंगात संरक्षण तयार व्हायला साधारण सात ते चौदा दिवस लागतात. तेवढ्यात विषाणू जखमेतून नसेत शिरून मेंदूकडं निघू शकतो. चावा तोंडावर, मानेवर, डोक्यावर असेल तर त्याची वाट फार जवळची. 2025 च्या एप्रिलमधे केरळात मलप्पुरम जिल्ह्यात पाच वर्षांची मुलगी लस घेऊनही रेबीजनं गेली; तिच्या डोक्याला चावा होता. मधल्या दिवसांसाठी सिरम, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, असतं. ते बाजारातून आणलेलं तयार धान्य समजा. जखमेत भरल्याबरोबर ते जागेवरच विषाणूला अडवतं.

उदाहरण घेऊ. घनसावंगीकडच्या वस्तीवर 14 किलोच्या लेकराच्या गालाला कुत्रं चावलं, रक्त आलं. काय करायचं?

आधी पाणी आन् साबण. अंगाचा असो की कपड्याचा, कोणताही चालतो. विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, ते साबणानं फुटतं. वाहत्या पाण्याखाली मोबाईलात वेळ लावून पूर्ण 15 मिनिटं धुवा. दोन मिनिटांत उरकू नका. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही लावू नका. नंतर दवाखान्यात आयोडीनचं औषध लावतात. टाके शक्यतो टाळतात, घालावेच लागले तर आधी सिरम भरून मग.

मग जवळच्या आरोग्य केंद्रात लशीचा पहिला डोस त्याच दिवशी. तिथं सिरम नसेल तर लस थांबवू नका. डोस घ्या, चिठ्ठी घ्या आन् तसंच पुढं जालन्याला, जिथं सिरम आहे तिथं जा. घोड्याचं सिरम किलोमागं 40 युनिट. 14 किलोला 560 युनिट झाले. बाटलीत मिलीला 300 युनिट असतील तर दोन मिलीपेक्षा कमीच. ते जखमेत आन् जखमेच्या कडेनं भरतात. माणसाचं सिरम असेल तर किलोमागं 20 युनिट पुरतात. जखमा जास्त अन् सिरम कमी पडत असेल तर सलाईनमधे पातळ करून सगळ्या जखमांना पोचवतात. नुसतं कुल्ल्यात टोचून कुणी सोडलं तर डॉक्टरांना विचारा, "साहेब, जखमेत भरलं का?" केसपेपरवर लशीला एआरव्ही आन् सिरमला एआरएस लिहितात. दोन्ही आहेत का ते बघून घ्या.

लशीच्या तारखा अशा. कातडीत देतात ती 0, 3, 7 आन् 28 व्या दिवशी, दर वेळी दोन जागी. स्नायूत देतात ती 0, 3, 7, 14 आन् 28 व्या दिवशी, दंडात. लहान लेकराला मांडीत. कुल्ल्यात रेबीजची लस देत नाहीत. पोटातल्या चौदा सुया कधीच बंद झाल्या, त्या भीतीनं कुणी घरी बसू नये. एखादी तारीख चुकली तर जाऊन पुढचा डोस घ्या, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

उशिराचा हिशोब नीट ध्यानात ठेवा. सिरमची सात दिवसांची मुदत चाव्यापासून नाही, लशीच्या पहिल्या डोसापासून मोजतात. सात दिवसांनंतर अंगात स्वतःचं संरक्षण तयार होऊ लागतं, मग सिरम देत नाहीत. पण चावून महिना झाला आन् एकही डोस घेतला नसेल, तरी जा. लस आन् सिरम दोन्ही मिळू शकतं. लक्षणं दिसायला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात, आन् एकदा दिसली की इलाज नाही. "कुत्रं दहा दिवस बघू, मग ठरवू" हे तर अजिबात करू नका. लस चालू करा आन् कुत्र्यावर लक्ष ठेवा. दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर पुढच्या डोसांचं डॉक्टर ठरवतील.

माझी मागणी एवढीच. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या फळ्यावर रोज लिहिलेलं असावं की आज सिरम कोणत्या दवाखान्यात आहे. रात्री रक्ताळलेलं लेकरू घेऊन बापानं दवाखाने पालथे घालत फिरू नये. ग्रामसभेत हा विषय मांडा.