इंजिनात कर्ता कोण? : शालेय वाचकांसाठी विज्ञानलेखाचा अनुवाद



वैज्ञानिक मजकुराच्या अनुवादाची चर्चा सुरू झाली की ती बहुधा पारिभाषिक संज्ञांपाशी येऊन थांबते. ‘पिस्टन’ म्हणावे की ‘दट्ट्या’, ‘व्हॉल्व्ह’ म्हणावे की ‘झडप’, यावर आपण बराच वेळ खर्च करतो. पेट्रोल इंजिनाचे कार्य समजावून सांगणारा एखादा इंग्रजी लेख आठवी-नववीच्या मुलांसाठी मराठीत आणायचा असेल, तर ही चर्चा दुय्यम आहे, असे माझे मत आहे. भागांची नावे गॅरेजमध्ये जशी उच्चारली जातात तशीच ठेवावीत. पिस्टन म्हणजे पिचकारीतल्या दट्ट्यासारखा मागेपुढे सरकणारा भाग, एवढे एकदा सांगितले की मुलाचे अडत नाही. त्याचे अडते ते क्रियापदापाशी. कोण कोणाला ढकलतो, हे वाक्यातून कळले नाही, तर सर्व संज्ञा अचूक असूनही इंजिन कळत नाही.

व्याकरणाच्या अभ्यासात आपण कर्तरी, कर्मणी व भावे हे प्रयोग शिकलो आहोत. त्यांपैकी नवीन कर्मणी प्रयोग, म्हणजे ‘केले जाते’, ‘टाकले जाते’ अशी रचना, इंग्रजीतील कर्मप्रधान वाक्यरचनेला जवळची असल्यामुळे अनुवादकाच्या लेखणीतून सहज उतरते. या रचनेत कर्ता सांगावाच लागत नाही. इतर अनेक विषयांत ही सोय असेल. इंजिनाच्या बाबतीत मात्र कर्ता हीच मुख्य माहिती आहे.

नमुन्यासाठी एक उतारा पाहू. मोटारसायकलच्या एक सिलिंडरच्या इंजिनाचे वर्णन करणाऱ्या इंग्रजी परिच्छेदाचा शब्दानुसारी अनुवाद साधारणपणे असा होतो : “प्रेरण धावेत पिस्टन खाली सरकताना इंधन व हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये शोषले जाते. त्यानंतर ते संपीडित केले जाते. ठिणगीद्वारे मिश्रणाचा स्फोट घडवून आणला जातो व पिस्टन खाली ढकलला जातो. शेवटी ज्वलित वायू बाहेर टाकले जातात.”

या उताऱ्यात व्याकरणाची चूक नाही. ‘धाव’ हा शब्दही योग्य आहे. पिस्टनचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा एकेरी प्रवास त्यातून कळतो. ‘आघात’ म्हटले असते तर ठोसा मारल्याचा भास झाला असता आणि ‘फेरी’ म्हटले असते तर जाऊन परत येणे अभिप्रेत झाले असते. तरीही पाच क्रियापदे सलग कर्मणी आहेत आणि पाचही ठिकाणी कर्ता दडलेला आहे. त्याला एकेक करून शोधू.

पहिले क्रियापद ‘शोषले जाते’. कोण शोषतो? मूल म्हणेल, पिस्टन. पण वायूला धरून ओढण्याचे सामर्थ्य पिस्टनजवळ नाही. पिस्टन खाली गेल्याने सिलिंडरमधील जागा वाढते आणि आतला दाब कमी होतो. बाहेरच्या हवेचा दाब त्याहून अधिक असल्याने तीच हवा उघड्या व्हॉल्व्हमधून आत शिरते. येथे खरा कर्ता बाहेरची हवा आहे. हा भेद केवळ शब्दाचा नाही. लेहसारख्या सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीच्या ठिकाणी मोटारसायकलचा जोर कमी पडतो, याचे कारण या कर्त्यात आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोनतृतीयांश उरतो, म्हणून प्रत्येक धावेत हवा कमी भरली जाते आणि तिच्यासोबत जळू शकणारे पेट्रोलही कमी होते. ‘पिस्टन शोषतो’ असे शिकलेल्या मुलाला हे उमगणार नाही, कारण पिस्टन तर तेथेही तेवढाच सरकतो.

दुसरे क्रियापद ‘संपीडित केले जाते’. मिश्रण पिस्टन दाबतो, हे खरे. मग पिस्टनला वर कोण ढकलतो? या क्षणी मिश्रण पेटलेले नाही. म्हणजे इंजिन शक्ती देत नसून खर्च करीत आहे. हा खर्च जड फ्लायव्हील भागवते. आधीच्या शक्तिधावेत मिळालेली गती ते साठवून ठेवते आणि पिस्टनला उरलेल्या तीन धावा पार करून देते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 50 फेरे म्हणजे 100 धावा होतात. त्यांतल्या केवळ 25 धावा शक्ती देतात. बाकीच्या 75 धावांत पिस्टन हा चालवणारा नसून चालवला जाणारा असतो. इंजिन सुरू होण्यापूर्वी फ्लायव्हील स्थिर असते, तेव्हा हा खर्च कोण करतो? किक मारणाऱ्याचा पाय. किक खाली दाबताना मध्येच जो विरोध जाणवतो, तो दाबल्या जाणाऱ्या मिश्रणाचा असतो. शालेय वाचकाच्या घरच्या अनुभवातला हा पुरावा अनुवादकाच्या हाताशी आहे, पण कर्मणी वाक्याने त्याची वाट बंद केली आहे.

तिसरे आणि सर्वांत फसवे क्रियापद ‘स्फोट घडवून आणला जातो’. इंग्रजी लोकप्रिय लेखन येथे स्फोटाची भाषा हौसेने वापरते आणि मराठीतही ती वाचायला चटकदार वाटते. वास्तविक निरोगी इंजिनात स्फोट होत नाही. ठिणगीपाशी ज्योत पेटते आणि ती मिश्रणातून पसरत जाते. तिला थोडा वेळ लागतो, म्हणूनच पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या जरासे आधी ठिणगी टाकावी लागते. स्फोट म्हटले की या आधीच्या ठिणगीला कारणच उरत नाही. दुसरी अडचण याहून मोठी आहे. कधीकधी ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण उष्णतेने व दाबाने आपोआप, एकदम पेटते. तेव्हा इंजिनातून धातूवर ठोकल्यासारखा आवाज येतो आणि तसेच चालू राहिले तर पिस्टनला इजा होते. मेकॅनिक याला ‘नॉकिंग’ म्हणतो. पेट्रोलचा ऑक्टेन अंक म्हणजे या आपोआप पेटण्याला ते इंधन किती विरोध करते, त्याचे माप. ‘स्फोट’ हा शब्द नेहमीच्या ज्वलनावर खर्च करून टाकला, तर या बिघाडासाठी आपल्याजवळ कोणता शब्द शिल्लक राहील? म्हणून नेहमीच्या क्रियेसाठी ‘भराभर पेटत जाणे’ वापरावे आणि ‘स्फोट’ बिघाडासाठी राखून ठेवावा.

चौथे क्रियापद ‘ढकलला जातो’. ठिणगी पिस्टनला ढकलत नाही, ज्योतही ढकलत नाही. ज्वलनाने तापलेला आणि त्यामुळे दाब वाढलेला वायू ढकलतो. याच एका धावेत पिस्टन कर्ता होऊन फ्लायव्हील फिरवतो. पाचव्या क्रियापदाला तर दोन कर्ते आहेत. बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह पिस्टन तळाशी पोहोचण्याच्या थोडा आधीच उघडतो, तेव्हा दाबाखालचा वायू आपल्याच जोराने बाहेर उसळतो. सायलेन्सरमधून येणारा फटफट आवाज मुख्यतः त्याचाच असतो. मागे राहिलेला वायू वर येणारा पिस्टन बाहेर काढतो.

हे ध्यानात घेऊन उतारा पुन्हा लिहिला तर तो असा होईल : “पिस्टन खाली सरकतो, तेव्हा सिलिंडरमधली जागा वाढते आणि आतला दाब कमी होतो. बाहेरची हवा पेट्रोलचे बारीक तुषार सोबत घेऊन आत शिरते. मग व्हॉल्व्ह बंद होतो. फिरते फ्लायव्हील पिस्टनला वर ढकलते आणि पिस्टन ते मिश्रण सुमारे नवव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबतो. पिस्टन वर पोहोचण्याच्या जरासे आधी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. मिश्रण ठिणगीपासून भराभर पेटत जाते. तापलेला वायू पिस्टनला जोराने खाली ढकलतो आणि पिस्टन फ्लायव्हीलला फिरवतो. शेवटी दुसरा व्हॉल्व्ह उघडतो. बराचसा वायू आपल्याच दाबाने बाहेर उसळतो. उरलेला वायू वर येणारा पिस्टन बाहेर काढतो.”

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मजकूर दुपटीहून अधिक झाला. तो झाला, हे मान्य आहे. जागा मर्यादित असेल तर लेखातील अलंकारिक प्रास्ताविक कमी करावे, कर्ते कमी करू नयेत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : मूळ लेखकाने फ्लायव्हीलचा उल्लेख केलेला नसताना अनुवादकाने तो का करावा? कवितेच्या अनुवादात अशी भर घालण्याचा अधिकार मला मान्य नाही. परंतु स्पष्टीकरणपर लेखाची निष्ठा त्यातील वाक्यांपेक्षा त्यात वर्णिलेल्या क्रियेशी अधिक असते. मूळ लेखात जे अध्याहृत आहे, ते प्रकट करणे ही भर नव्हे. मूळ लेखात ‘शोषणे’ किंवा ‘स्फोट’ असे स्पष्ट शब्द असतील, तर मात्र बदल गुपचूप करू नये. संपादकाला टिपण देऊन, शक्य तेथे लेखकाला विचारून करावा.

कर्मणी प्रयोग हद्दपार करावा, असेही माझे म्हणणे नाही. ‘पेट्रोल खनिज तेलापासून मिळवले जाते’ या वाक्यात कर्ता सांगण्याची गरज नाही, कारण या लेखापुरता तो अप्रस्तुत आहे. कर्ता बदलला तर वाचकाची समजूत बदलते का, एवढेच पाहायचे. बदलत असेल तर तो लिहावाच लागेल.

आपण अशा लेखाचा अनुवाद कराल, तेव्हा पहिला खर्डा झाल्यावर प्रत्येक ‘जाते’ अधोरेखित करा आणि त्यापुढे ‘कोणाकडून?’ असे लिहा. ज्या ठिकाणी उत्तर देता येणार नाही, तेथे शब्दकोश उघडून उपयोग नाही. तो परिच्छेद हातात घेऊन जवळच्या गॅरेजमध्ये जा आणि इंजिन उघडणाऱ्या माणसाला तोच प्रश्न विचारा.