काम झालं, पण 'आबनामे' झालं का?

जर्मनीत स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करणाऱ्या किंवा पुण्यातल्या छोट्या कंपनीतून इथल्या ग्राहकाला सेवा देणाऱ्या मराठी माणसांकडून एक वाक्य नेहमी ऐकू येतं: "काम कधीच दिलं, पैसे अजून आले नाहीत." गावाकडे आई-वडिलांना वाटतं, ग्राहकच बुडवा असावा. बहुतेक वेळा तसं नसतं. बिल कधी करायचं, हे करारातून नीट काढलेलंच नसतं.

इथे दोन प्रकारचे करार असतात. 'डीन्स्टफरट्राग'मध्ये तुम्ही वेळ विकता. तासांची नोंद दाखवा आणि बिल करा. 'वेर्कफरट्राग'मध्ये तुम्ही तयार झालेली वस्तू विकता. तिथे पैसे देय होतात ते साधारणपणे काम सोपवल्यावर नव्हे, तर ग्राहकाने ते स्वीकारल्यावर. त्या स्वीकृतीला 'आबनामे' म्हणतात. करारात वेगळं ठरलं नसेल, तर जर्मन नागरी कायद्याचं कलम 641 हेच सांगतं.

माझं मत असं की बिलांचं वेळापत्रक अकाउंट्सवाल्यांनी नंतर करायचं काम नाही. प्रत्यक्ष काम करणाऱ्याने ते सही करण्याआधी करावं. कारण कामाच्या कागदात ही माहिती एका जागी नसते. काय द्यायचं ते एका कलमात, स्वीकृतीचे निकष दुसऱ्यात, पैशांचं तिसऱ्यात आणि तपासणीची मुदत कुठेतरी परिशिष्टात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. स्टुटगार्टच्या ग्राहकाचं गोदामाच्या सॉफ्टवेअरचं 80,000 युरोंचं काम. पहिली ओळ: आराखडा, लेखी मंजुरी मिळाल्यावर 20 टक्के, म्हणजे 16,000. दुसरी: चालू प्रणाली. निकष असा, की ठरलेल्या सगळ्या चाचण्या पार पडाव्यात आणि काम अडवणारा एकही दोष नसावा. स्वीकृतीच्या कागदावर सही झाली की 50 टक्के, म्हणजे 40,000. तिसरी: दोन प्रशिक्षण सत्रं आणि 'प्रकल्प पूर्ण झाल्यावर' उरलेले 24,000.

बेरीज बरोबर जुळते. पण तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे 'कोण तपासणार', 'किती दिवसांत' आणि 'पुरावा काय' हे रकाने भरायला गेलात की तिसरी ओळ अडते. प्रकल्प पूर्ण झाला, हे कोण ठरवणार? दुसरं सत्र झाल्यावर, की ग्राहकाची शेवटची शंका मिटल्यावर? रकाना रिकामा राहिला, म्हणजे ते 24,000 युरो ग्राहकाच्या मर्जीवर आहेत. सही करण्याआधी तिथे 'दुसऱ्या सत्राच्या हजेरीपत्रकावर सही झाल्यावर' एवढं लिहून घेतलं, तर प्रश्न मिटतो.

मुदतीचे दिवसही तपासून मोजावेत. दुसऱ्या ओळीची मुदत 'कामाचे 10 दिवस' आहे आणि शुक्रवारी 22 मे 2026 रोजी प्रणाली सोपवली, असं समजा. फक्त शनिवार-रविवार वगळले तर मुदत 5 जूनला संपते. पण 25 मेला पेंटेकॉस्टच्या सोमवारची सुट्टी आहे, आणि 4 जूनला फ्रोनलाइखनामची. ही दुसरी स्टुटगार्टला आहे, हँबर्गला नाही. म्हणून स्टुटगार्टमध्ये मुदत 9 जूनला संपते, हँबर्गमध्ये 8 जूनला. तक्त्यात 5 जून लिहून बिल पाठवलंत, तर ते मुदतीआधीचं म्हणून परत येऊ शकतं.

आणि ग्राहक गप्पच बसला तर? करार जर्मन कायद्याखाली असेल, तर कलम 640 कामी येतं. काम पूर्ण झाल्यावर तुम्ही वाजवी मुदत घालून स्वीकृती मागायची. त्या मुदतीत ग्राहकाने निदान एक दोष सांगून नकार दिला नाही, तर काम स्वीकारलं असं मानलं जातं. 2018 पासून ही तरतूद अशी आहे. किरकोळ दोषासाठी स्वीकृती नाकारता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. मात्र नवव्या दिवशी 'अमुक अहवाल चुकतोय' अशी मेल आली, तर गप्प राहण्याचा हा फायदा गेला. मग दोष मोठा की किरकोळ, हा वाद सुरू होतो, आणि तो निकषांवरच सुटतो. म्हणून 'समाधानकारक' असा निकष मान्य करू नये. चाचण्यांची यादी आणि दोषांच्या पायऱ्या मागाव्यात.

शेवटी 'अंदाजे तारीख' आणि 'पैसे देय होण्याची घटना' हे दोन रकाने वेगळे ठेवा. पहिला घरच्या हिशेबासाठी, दुसरा बिलासाठी. इथला ग्राहक सहसा कागदाप्रमाणे पैसे देतो. कागदावर काय लिहून घ्यायचं, ते मात्र सही करण्याआधीच आपल्या हातात असतं.